अनामत रकमेचं कलम सोपं करताना

वकिलांच्या हाताखाली मी करारांच्या सोप्या मराठी प्रती तयार करते. त्यातले बहुतेक लिव्ह अँड लायसन्सचे असतात. या कामात नव्याने येणारे वाक्याचा अर्थ समजून घेऊन तो आपल्या शब्दांत सांगू लागतात आणि नेमकं तिथेच कुणाचं तरी देणं वाढतं किंवा हक्क आटतो. म्हणून एकच कलम घेऊन मी ते कसं सोडवते ते सांगते. मसुद्यात असतं तसंच हे वाक्य आहे. त्यात लिहून देणार म्हणजे घरमालक आणि लिहून घेणार म्हणजे घर वापरायला घेणारे:

"करार संपुष्टात आल्यावर लिहून घेणार यांनी सदर मिळकतीचा रिकामा ताबा लिहून देणार यांस दिल्यावर, थकीत परवाना शुल्क, वीजबिल व मिळकतीचे झालेले नुकसान, वापरामुळे होणारी स्वाभाविक झीज वगळता, यांची रक्कम वजा जाता उर्वरित अनामत रक्कम एक महिन्याच्या आत बिनव्याजी परत करण्यात येईल, तथापि मुदत संपूनही ताबा न दिल्यास लिहून घेणार हे ताबा देईपर्यंत परवाना शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई देण्यास जबाबदार राहतील."

पहिल्या वाचनात मी एकही शब्द बदलत नाही. फक्त क्रियापदं शोधते आणि प्रत्येकापुढे लिहिते: कोण, कुणाला, काय, केव्हा. "परत करण्यात येईल" इथेच अडायला होतं, कारण परत कोण करणार ते वाक्यात नाही. लिहून देणारच करणार, असं आपण धरून चालतो. पण अनामत कुणी स्वीकारली ते करारात आधीच्या कलमात असतं. घर दोघा भावांच्या नावावर आणि रक्कम एकाच्या खात्यात, असंही असतं. ते कलम पाहिल्याशिवाय कर्ता घालायचा नाही.

मग "येईल" या शब्दाचं काय करायचं? कराराच्या भाषेत ते बंधन आहे, पण बोलण्यात "पैसे परत करण्यात येतील" हे आश्वासनासारखं वाटतं. "करावेत" लिहिलं तर सल्ल्यासारखं वाटतं, आणि "करू शकतील" लिहिलं तर चक्क मर्जीवर सोडल्यासारखं होतं. मी "परत केली पाहिजे" लिहिते. बंधन असेल तिथे प्रत्येक वेळी हेच रूप वापरायचं. एकदा "पाहिजे" आणि पुढे "लागेल" असं आलं, तर वाचणारा दोन्हींत फरक शोधत बसतो.

ताब्याचं मात्र उलट आहे. "ताबा दिल्यावर" ही इथे पैसे परत मिळण्याची अट आहे. घर रिकामं करण्याचं बंधन सहसा वेगळ्या कलमात असतं. सोप्या प्रतीत "तुम्ही घर रिकामं केलं पाहिजे" असं स्वतंत्र वाक्य या कलमात घातलं, तर अटीचं बंधन झालं. अट अटीसारखीच दिसली पाहिजे.

काही शब्दांना मी हात लावत नाही. बोलताना सगळेच "भाडं" म्हणतात, त्यामुळे "परवाना शुल्क" खोडून "भाडं" लिहायचा मोह होतोच. पण भाडेकरू आणि परवानाधारक यांचे हक्क कायद्याने वेगळे आहेत. नाव बदलल्याने नातं आपोआप बदलत नाही, न्यायालय प्रत्यक्ष व्यवहार पाहतं. तरीही आपल्या हातच्या कागदाने त्या वादाला खतपाणी कशाला घालायचं? शब्द तसाच ठेवून सुरुवातीला एकदाच सांगायचं: दरमहा घरमालकांना द्यायची रक्कम, तिला या करारात परवाना शुल्क म्हटलं आहे. "दुप्पट दराने नुकसानभरपाई" हेही असंच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ मध्ये हीच तरतूद आहे. त्याचं "दुप्पट भाडं" केलं की जादा पैसे भरून राहायची मुभा आहे असं वाचणाऱ्याला वाटेल, आणि तशी मुभा करारात नाही.

महिन्याचे तीस दिवसही करू नयेत. ३१ जानेवारीपासून एक महिना मोजला तर तो फेब्रुवारीअखेर भरतो. तीस दिवस मोजले तर, लीप वर्ष नसेल तेव्हा, २ मार्च उजाडतो.

आता माझ्या आवडीचं काम. सोपी प्रत झाली की एक काल्पनिक व्यवहार घेते आणि दोन्ही मजकुरांवर वेगवेगळा चालवून पाहते. शुल्क महिना १५,००० रुपये, अनामत ६०,०००. करार ३१ मे रोजी संपला, किल्ल्या १० जूनला दिल्या. वीजबिल १,२०० रुपये बाकी, खिडकीची काच फुटली तिचे ३,०००, आणि भिंतीचा रंग विटलेला. रंग ही झीज, म्हणून सोडून दिला. मूळ कलमाप्रमाणे ४,२०० वजा जाऊन ५५,८०० परत मिळतात.

आणि जूनच्या दहा दिवसांची भरपाई? दिवसाला ५०० रुपये, दुप्पट दराने १,०००, म्हणजे १०,०००. ती द्यावी लागेलच. पण अनामतीतून कापायच्या यादीत ती नाही! यादीत तीनच गोष्टी आहेत: थकीत शुल्क, वीजबिल, नुकसान. वाक्य आटोपशीर व्हावं म्हणून कुणी "सगळी देणी वजा करून" लिहिलं, तर सोप्या प्रतीवरून परतावा ४५,८०० निघतो. दोन शब्दांनी घरमालकाला दहा हजार कापून घ्यायचा हक्क दिला. ही रक्कम वळती करून घेता येते का, हा प्रश्न वकिलांचा. आपण यादी मोजून तेवढीच उतरवायची.

याच आकड्यांनी आणखी एक गोष्ट उघडी पडते. "एक महिन्याच्या आत" म्हणजे कधीपासून? करार संपल्यापासून धरला तर ३० जून, ताब्यापासून धरला तर १० जुलै. वाक्याच्या रचनेवरून दुसरा अर्थ जवळचा वाटतो, पण पहिलाही निघतो. अशा वेळी सोपं करणाऱ्याने निवाडा द्यायचा नसतो. मी समासात दोन्ही तारखा लिहून मसुदा वकिलांकडे परत पाठवते. नोंदणीआधी हे झालं तर दोन्ही पक्षांना विचारून मूळ कलमच दुरुस्त होतं. नोंदणी होऊन गेली असेल, तर सोप्या प्रतीतही मूळचे शब्द त्याच क्रमाने ठेवायचे आणि खाली टीप द्यायची की इथे दोन अर्थ निघतात.

पक्षांनी "ताबा दिल्यापासून" असं ठरवलं आणि अनामत घरमालकांनीच स्वीकारली आहे, असं धरलं तर माझी प्रत अशी होते:

"करार संपल्यावर तुम्ही रिकामं घर घरमालकांच्या ताब्यात दिलंत, की त्या दिवसापासून एक महिन्याच्या आत घरमालकांनी अनामत रक्कम परत केली पाहिजे. तिच्यावर व्याज मिळणार नाही. तिच्यातून या रकमा वजा होतील: थकीत परवाना शुल्क, वीजबिल आणि घराचं झालेलं नुकसान. वापरामुळे होणारी स्वाभाविक झीज नुकसानीत धरायची नाही. मुदत संपूनही तुम्ही ताबा दिला नाहीत, तर ताबा देईपर्यंत परवाना शुल्काच्या दुप्पट दराने तुम्ही नुकसानभरपाई दिली पाहिजे."

एका वाक्याची पाच झाली, आणि लांबी फारशी कमी झाली नाही. ती कमी व्हावी अशी अपेक्षाही ठेवू नका. "थकीत" हा शब्द वीजबिलालाही लागतो का, हे मूळात स्पष्ट नाही, म्हणून मीही तो पहिल्याच शब्दापाशी ठेवला आहे. "तुम्ही" आणि "घरमालक" म्हणजे करारातले कोण, हे प्रतीच्या पहिल्या ओळीत येतं. त्याखालीच ठळक अक्षरांत असतं: ही प्रत समजण्यासाठी आहे, वाद झाल्यास नोंदणी केलेला करारच लागू राहील.