सकाळचा बीपी आणि गोळीची वेळ : या चुका टाळा

हार्ट अटॅक आणि पक्षाघात सकाळी सहा ते बाराच्या दरम्यान जास्त होतात. जाग येताना कॉर्टिसोल आणि अ‍ॅड्रिनलिन वाढतं, रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतो. त्याच सुमारास रक्तही गोठायला जास्त उत्सुक असतं. हा चढ थोडाफार प्रत्येकाचाच होतो, पण ज्याचा बीपी आधीच जास्त आहे त्याला तो महागात पडू शकतो.

पहिली चूक म्हणजे फक्त दवाखान्यातल्या आकड्यावर विसंबणं. समजा, ५८ वर्षांचे एक गृहस्थ रोज सकाळी नऊला लोसार्टन ही बीपीची गोळी घेतात. अकराला डॉक्टरांकडे बीपी १२८/८०. सगळे खूश. पण तेच घरी साडेसहाला मोजतात तेव्हा १५२/९४, आणि संध्याकाळी १३०/८२. डॉक्टरांनी पाहिला तो गोळीचा भर असतानाचा आकडा. साडेसहाला मात्र कालची गोळी घेऊन साडेएकवीस तास झालेले असतात आणि तिचा जोर ओसरत आलेला असतो.

म्हणून उठल्यावर तासाभरात, लघवी करून आल्यावर, चहा-नाश्ता आणि गोळी या दोन्हींच्या आधी मोजा. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, मग एका मिनिटाच्या अंतराने दोनदा घ्या. संध्याकाळीही तसंच. आठवडाभराची वही डॉक्टरांना दाखवा. घरची सकाळची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर बोलायलाच हवं. एखाद्या दिवशीच्या आकड्याने घाबरू नका.

दुसरी चूक त्यानंतर होते: कुणीतरी सांगतं म्हणून गोळी परस्पर रात्रीवर नेली जाते. मला हा सल्ला अर्धवट वाटतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ‘टाइम’ या चाचणीत २१ हजारांहून अधिक लोकांची सकाळी आणि संध्याकाळी गोळी घेणाऱ्यांत विभागणी केली होती. हार्ट अटॅक, पक्षाघात आणि त्यांमुळे होणारे मृत्यू यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. घड्याळापेक्षा गोळी पुढच्या डोसपर्यंत टिकते का, हे महत्त्वाचं. वरच्या गृहस्थांना डॉक्टर टेल्मिसार्टन किंवा अ‍ॅम्लोडिपिनसारखं दीर्घकाळ टिकणारं औषध देतील, किंवा डोस बदलतील. काहींना संध्याकाळची वेळही देतील. बदलानंतर दोन-चार आठवड्यांनी सकाळची वही पुन्हा पाहायची.

स्वतःहून रात्रीवर नेलं तर काय बिघडतं? लघवी वाढवणारी गोळी असेल तर रात्री तीनदा उठावं लागतं, आणि वयस्कर माणूस अंधारात पडतो. काहींचा बीपी झोपेत आधीच बराच उतरतो, त्यात ही भर. काचबिंदू असेल तर तो उतार डोळ्याच्या नसेलाही मानवत नाही.

गोळ्या बदलूनही सकाळचा आकडा हटत नसेल, तर झोपेतलं मोठं घोरणं, मध्येच श्वास अडकणं आणि रात्रीची दारू, हे डॉक्टरांना न लपवता सांगा. स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडकण्याचा आजार असेल तर नुसती गोळीची वेळ हलवून भागत नाही.