सबटायटल सरकतात तेव्हा: फोर्स्ड अलाइनमेंटमधल्या या चुका टाळा

ठाण्यातल्या पहिल्या रेल्वेवरचं एक व्याख्यान घ्या. वक्त्याने वाचलेला मजकूर हाती आहे, म्हणजे आता फक्त कुठला शब्द ऑडिओत कधी येतो, त्या वेळा जुळवायच्या; यालाच फोर्स्ड अलाइनमेंट म्हणतात. त्यासाठी पायथनच्या `torchaudio` लायब्ररीतलं `MMS_FA` मॉडेल मराठीला चालतं. त्याला १६ किलोहर्ट्झचा ऑडिओ लागतो:

```
ffmpeg -i bhashan.mp4 -vn -ac 1 -ar 16000 bhashan.wav
```

मजकूर `uroman` या साधनाने रोमन लिपीत करून द्यायचा. सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथेच. मजकुरात आहे "१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्याला पोचली". वक्ता म्हणतो "सोळा एप्रिल अठराशे त्रेपन्न". मॉडेलला फक्त अक्षरं कळतात, त्यामुळे साफसफाईत आकडे गळून पडतात. "अठराशे त्रेपन्न" हा आवाज उरतो, पण त्याच्या वाटची अक्षरंच नसतात. मग "एप्रिल" लांबतं किंवा "रोजी" भलत्याच आवाजावर बसतं, आणि दोन-तीन शब्दांनंतर वेळा पुन्हा जागेवर येतात. एरर कुठेच येत नाही, कारण दिलेला प्रत्येक शब्द कुठेतरी बसवणं एवढंच अलाइनरचं काम असतं. म्हणून प्रत्येक शब्द आवाजाशी किती जुळला, हे सांगणारा त्याचा स्कोअर बघा. आजूबाजूच्या शब्दांपेक्षा तो एकदम खाली गेला असेल, तर तिथे ऐकायलाच हवं.

उपाय म्हणजे दोन फाइली ठेवणं. एकीत पडद्यावर दिसणारा मजकूर, दुसरीत उच्चारलेला. ओळी मात्र एकास एक. अलाइनमेंट दुसरीवर करायची आणि ओळ क्रमांकावरून वेळा पहिलीला लावायच्या. "इ.स." सारखी लघुरूपंही दुसरीत "इसवी सन" अशी पूर्ण लिहायची.

मजकुरात नसलेलं बोलणंही असंच नडतं. निवेदकाने आधी वक्त्याची ओळख करून दिली असेल, तर पहिला "नमस्कार" त्या ओळखीतच कुठेतरी अडकतो आणि पहिलं सबटायटल कितीतरी आधी दिसू लागतं. ओळखही लिहून काढा, नाहीतर त्या जागी `*` हे टोकन घाला; अनोळखी बोलणं ते पोटात घेतं.

चूक कोणती, हे सरकण्यावरूनच ओळखता येतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच फरक असेल, तर व्हिडिओ आणि ऑडिओ एकाच क्षणी सुरू होत नसावेत; सगळ्या वेळा तेवढ्याच सरकवा. फरक हळूहळू वाढत असेल, तर फ्रेमरेट तपासा. २५ आणि २३.९७६ यांची गल्लत झाली, तर तासाभरात सुमारे अडीच मिनिटं फरक पडतो. मधेच एकदम उडी दिसली, तर अलाइनमेंटनंतर कुणीतरी व्हिडिओ कापलाय; अंतिम कटवर पुन्हा चालवा.

आणखी एक: हे मॉडेल शब्दाचा शेवट बऱ्याचदा लवकर मांडतं. पुढची ओळ लगेच येत नसेल, तर सबटायटल पाव-अर्धा सेकंद जास्त ठेवा.