ताबा कोणाचा, मालकी कोणाची: विधिशास्त्रातील प्रश्न कसा सोडवावा

विधिशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत ताबा आणि मालकी यांवरचा प्रश्न बहुधा एखाद्या गोष्टीच्या रूपात येतो. कोणाला काही सापडते, कोणी काही विकतो, कोणी दुरुस्तीला देतो आणि शेवटी विचारले जाते की वस्तू कोणाच्या ताब्यात होती. अशा वेळी बरेचसे विद्यार्थी दोन पाने व्याख्या लिहितात आणि गोष्टीतल्या माणसांना शेवटच्या चार ओळींत उरकतात. खरे तर काम उलट दिशेने करायचे असते. त्यासाठी एक प्रश्न हाती घेऊन तो शेवटपर्यंत सोडवून पाहू.

सुमनताई सासूबाईंच्या पश्चात त्यांचे जुने सागवानी कपाट एका जुन्या सामानाच्या दुकानदाराला विकतात. त्या कपाटाच्या चोरकप्प्यात सासूबाईंनी ठेवलेल्या सोन्याच्या दोन पाटल्या आहेत, पण हे कोणालाच ठाऊक नाही. दुकानदार ते कपाट अविनाशला विकतो. अविनाश ते बिजागऱ्या बदलण्यासाठी सुताराच्या कारखान्यात पाठवतो. तेथे सुताराला चोरकप्पा सापडतो आणि तो कोणाला न सांगता पाटल्या एका सराफाकडे गहाण ठेवून पैसे उचलतो. सासूबाईंच्या एकमेव वारस सुमनताईच आहेत, असे समजू.

पहिली पायरी: मालकी आधी बाजूला काढून ठेवा

मालकी हा हक्क आहे. तो कायदेशीर कारणाने, म्हणजे खरेदी, बक्षीस, वारसा अशा मार्गाने मिळतो आणि तशाच कारणाने जातो. वस्तू नजरेआड झाली, हरवली किंवा चोरीला गेली म्हणून तो संपत नाही. ताबा ही मुळात वस्तुस्थिती आहे, जिला कायदा काही परिणाम जोडतो. म्हणून मालकीचा प्रश्न एका वाक्यात निकाली निघत असेल तर तो आधीच निकाली काढावा. येथे सुमनताईंनी कपाट विकले आहे, पाटल्या विकलेल्या नाहीत. विक्रीच्या वेळी दोन्ही बाजूंच्या मनात पाटल्या नव्हत्याच, त्यामुळे गोष्टीच्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पाटल्यांच्या मालक सुमनताईच राहतात. उत्तरात हे लिहून खाली रेघ मारावी. यापुढे प्रत्येक माणसाबद्दल विचारायचे ते फक्त ताब्याबद्दल.

हे दोन प्रश्न किती वेगळे आहेत हे पाहायचे असेल तर चोरीच्या कलमाखालची उदाहरणे वाचावीत. हे कलम पूर्वी भारतीय दंड संहितेत ३७८ होते, आता भारतीय न्याय संहितेत ३०३ आहे. त्यात एक घड्याळवाला येतो. त्याच्या दुरुस्तीचे पैसे द्यायचे राहिले असून तो ते मिळेपर्यंत घड्याळ कायदेशीरपणे अडवून ठेवतो. मालकाने ती तारण वस्तू त्याच्या हातून हिरावण्यासाठी घड्याळ उचलून नेले, तर ती चोरी ठरते. स्वतःच्याच घड्याळाची चोरी! मालकी मालकाकडे असली तरी ताबा दुसऱ्याचा होता आणि कलम संरक्षण देते ते ताब्याला. स्थावर मालमत्तेतही हेच तत्त्व दिसते. विनिर्दिष्ट साहाय्य अधिनियम, १९६३ च्या कलम ६ नुसार, संमतीशिवाय आणि कायद्याचा मार्ग सोडून ज्याचा ताबा काढून घेतला गेला, त्याला सहा महिन्यांच्या आत दावा लावून तो परत मिळवता येतो आणि समोरच्याने ‘जमीन माझीच आहे’ असे म्हटल्याने तो दावा अडत नाही. (सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध झाली, असे उत्तरात लिहू नये. तो महसुली अभिलेख आहे, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे.)

दुसरी पायरी: कॉर्पस तपासा

ताब्याचे दोन घटक असतात: कॉर्पस आणि ॲनिमस. कॉर्पस म्हणजे वस्तूवर प्रत्यक्ष नियंत्रण. येथे नेहमी एक चूक होते, ती म्हणजे कॉर्पसचा अर्थ हातात धरणे असा घेणे. वस्तू हातात असण्याची गरज नाही. माझ्या बंद घरातली भांडी मी ऑफिसात असतानाही माझ्या ताब्यात असतात. पाहायचे ते दोन गोष्टींकडे: हवे तेव्हा वस्तू वापरता येईल अशी स्थिती आहे का, आणि इतर लोक मध्ये येणार नाहीत याची वाजवी खात्री आहे का. ही खात्री कुलपाने मिळते, कुंपणाने मिळते किंवा नुसत्या चालीरीतीनेही मिळते. देवळाबाहेर काढून ठेवलेल्या चपलांना कुलूप नसते, तरी त्या ज्याच्या त्याच्या ताब्यात असतात.

आपल्या गोष्टीत पाटल्या कपाटाबरोबर फिरतात. त्या सुमनताईंच्या घरात, मग दुकानात, मग अविनाशच्या घरात आणि मग कारखान्यात होत्या. केवळ कॉर्पसकडे पाहिले तर प्रत्येक ठिकाणी कोणाचे ना कोणाचे नियंत्रण आहे. त्यामुळे प्रश्नाची खरी गाठ पुढच्या पायरीवर आहे.

तिसरी पायरी: ॲनिमस तपासा, प्रत्येकाचा वेगळा

ॲनिमस म्हणजे इतरांना दूर ठेवून वस्तू आपल्याकडे ठेवण्याचा इरादा. जर्मन विधिज्ञ सॅव्हिनीने १८०३ मध्ये ताब्यावर जो ग्रंथ लिहिला त्यात हा इरादा मालकासारखा असावा लागतो असे मांडले. मग भाडेकरू आणि वस्तू गहाण ठेवून घेणारा गहाणदार यांचे काय, ही अडचण उभी राहिली, कारण गहाणदार आपल्याला मालक समजत नाही आणि तरी त्याच्या ताब्याला संरक्षण मिळते. पुढे विधिज्ञ सामंडने अट सैल केली: मालक असण्याचा इरादा नको, इतरांना वगळण्याचा इरादा पुरे. परीक्षेत हीच व्याख्या वापरणे सोयीचे, पण दोघांतला फरक एका वाक्यात जरूर नोंदवावा. लक्षात ठेवावे की हा इरादा प्रामाणिक असण्याची गरज नाही. चोरालाही ताबा मिळतो, फक्त तो चुकीचा असतो.

आता अवघड भाग. ज्या वस्तूची खबरच नाही तिच्याबद्दल इरादा असू शकतो का? कायद्याने येथे एक सोय केली आहे, तिला सर्वसाधारण इरादा म्हणावे. कोळी जाळे टाकतो तेव्हा कोणता मासा येईल हे त्याला ठाऊक नसते, तरी जाळ्यात आलेला प्रत्येक मासा त्याचा. चोरीच्या कलमातल्या आणखी एका उदाहरणात, घरमालकाच्या टेबलावरची अंगठी एखादा पाहुणा त्याच घरात, मालकाला सहसा सापडणार नाही अशा जागी दडवतो, पुढे केव्हातरी उचलण्यासाठी. अंगठी पहिल्यांदा हलवली त्याच क्षणी चोरी झाली, असे कलम सांगते.

इंग्लंडचे दोन जुने निकाल समोरासमोर ठेवल्यावर हा मुद्दा पक्का होतो. १८५१ च्या ब्रिजेस वि. हॉक्सवर्थ खटल्यात एका फिरत्या विक्रेत्याला दुकानात जमिनीवर नोटांचे पुडके सापडले. खरा मालक आला नाही, तेव्हा न्यायालयाने ते दुकानदाराऐवजी सापडवणाऱ्याला दिले. १८९६ च्या साउथ स्टॅफोर्डशायर वॉटर कंपनी वि. शार्मन खटल्यात तळे साफ करणाऱ्या मजुराला गाळात दोन सोन्याच्या अंगठ्या सापडल्या, त्या मात्र जमीन ताब्यात असलेल्या कंपनीला मिळाल्या. एकीकडे कोणीही ये-जा करावी असे दुकान, दुसरीकडे खाजगी जागेतले तळे आणि मालकाने कामाला लावलेला माणूस, असा भेद त्यातून काढता येतो. माझ्या मते सर्वसाधारण इराद्याची मर्यादा येथेच दिसते: जागेवर येणाऱ्या माणसांना वगळण्याचे नियंत्रण जितके पक्के, तितका अज्ञात वस्तूंबद्दलचा इरादा मानायला आधार जास्त.

आता पाटल्यांकडे. सुमनताईंच्या घरात कपाट असताना घरातल्या सर्व वस्तूंबद्दलचा त्यांचा सर्वसाधारण इरादा पुरेसा होता, म्हणून ताबा त्यांचा. विक्रीनंतर? १८४१ च्या मेरी वि. ग्रीन खटल्यात नेमके हेच घडले होते. लिलावात घेतलेल्या टेबलाच्या चोरकप्प्यात पैशांची थैली निघाली. न्यायालयाने म्हटले की टेबल दिले-घेतले गेले, पण थैली देण्याचा किंवा घेण्याचा इरादा कोणाचाच नव्हता, म्हणून थैलीचा कायदेशीर ताबा खरेदीदाराला मिळाला नाही. अपवाद एकच: आतल्या वस्तूंसह टेबल विकले आहे असे मानायला खरेदीदाराकडे आधार असेल तर त्याने पैसे घेणे ही चोरी ठरणार नाही. त्यानुसार दुकानदार आणि अविनाश या दोघांनाही पाटल्यांचा ताबा मिळाला नाही.

याविरुद्धची बाजू मांडायला विसरू नये. अविनाशचे घर खाजगी आहे, मग शार्मनच्या तर्काने त्याच्या घरातल्या सगळ्याचा ताबा त्याचा का नाही? उत्तर असे देता येते की कपाट घरात येताना त्यातल्या बंद कप्प्यातली वस्तू दुसऱ्याच्या मालकीची राहिलेली होती आणि ती त्याच्याकडे कोणी सोपवली नव्हती. हे उत्तर निर्विवाद नाही. दोन्ही बाजू मांडून एक निवडणारा विद्यार्थी, एकच बाजू ठामपणे सांगणाऱ्यापेक्षा चांगले लिहितो.

चौथी पायरी: सुताराची पाळी

सुताराकडे कपाट अविनाशच्या वतीने, दुरुस्तीपुरते आले. १८०३ च्या कार्टराइट वि. ग्रीन खटल्यातही दुरुस्तीला दिलेल्या टेबलातून रक्कम निघाली होती आणि ती घेणे गुन्हा मानले गेले. चोरकप्पा उघडून पाटल्या उचलेपर्यंत सुताराचा ॲनिमस नाही. उचलून लपवल्या त्या क्षणी कॉर्पस आणि ॲनिमस एकत्र आले, ताबा त्याचा झाला, पण मालकी जागची हलली नाही.

त्याने गुन्हा कोणता केला, हे तिसऱ्या पायरीवरच्या निवडीवर अवलंबून आहे. चोरीसाठी वस्तू दुसऱ्याच्या ताब्यातून काढावी लागते. मेरी वि. ग्रीनप्रमाणे ताबा अजून सुमनताईंकडे धरला, किंवा शार्मनप्रमाणे अविनाशकडे, तर चोरी होते. वस्तू कोणाच्याच ताब्यात नव्हती असे मानले तर चोरीऐवजी अप्रामाणिकपणे मालमत्ता बळकावणे, म्हणजे भारतीय न्याय संहितेचे कलम ३१४. रस्त्यावर सापडलेली अंगठी उचलणे ही चोरी नाही, पण हा दुसरा गुन्हा होऊ शकतो, असे चोरीच्या कलमातले उदाहरणच सांगते. गुन्ह्याचे नाव लिहिण्याआधी ताब्याचा निर्णय कागदावर असलाच पाहिजे तो यासाठी.

पाचवी पायरी: ताब्याचा प्रकार सांगा

सराफाकडे पाटल्या गेल्यावर तात्काळ ताबा, म्हणजे मध्ये दुसरा कोणी नसलेला थेट ताबा, सराफाचा झाला. सुतार त्याच्यामार्फत जो ताबा ठेवतो तो मध्यस्थ ताबा. सामंडच्या मांडणीत मध्यस्थ ताबा तीन तऱ्हांनी उभा राहतो: नोकरामार्फत, मागितल्यावर लगेच परत करायची वस्तू ज्याच्याकडे आहे त्याच्यामार्फत, आणि गहाणदारासारख्या, अट पूर्ण होईपर्यंत वस्तू ठेवायचा हक्क असलेल्या माणसामार्फत. सुतार आणि सराफ यांचे नाते तिसऱ्या तऱ्हेचे आहे. घरातल्या नोकराच्या हातातली धन्याची वस्तू मात्र कायदा धन्याच्याच ताब्यात मानतो. नोकराकडे असतो तो निव्वळ सांभाळ. उत्तरात ‘सांभाळ’ आणि ‘ताबा’ हे शब्द अदलाबदलीने वापरले की परीक्षकाला गोंधळ लगेच कळतो.

सराफाने कितीही प्रामाणिकपणे पैसे दिले असले तरी सुताराकडे नसलेला हक्क त्याला मिळत नाही. पहिल्या पायरीवर रेघ मारून ठेवलेले वाक्य येथे कामाला येते: पाटल्या सुमनताईंच्या आहेत, त्या सराफाकडून परत मागू शकतात आणि सराफाने आपले पैसे सुताराकडून वसूल करायचे आहेत.