दोन वर्षांचं मूल बोलत नाही? "ऐकू तर येतं त्याला" म्हणण्याआधी या चुका टाळा

मूल दोन वर्षांचं झालं आणि फार बोलत नाही म्हटलं की घरात कोणीतरी म्हणतंच, अगं याचा बाबा पण उशिराच बोलला. आता त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही, उशिरा बोलणं घराण्यात असू शकतं, मुलगे थोडे मागे असतात, आणि अशी बरीच मुलं तीन-चार वर्षांपर्यंत बाकीच्यांना गाठतात. पण कोणतं मूल आपलं आपण गाठेल आणि कोणाला मदत लागेल हे नुसते शब्द मोजून कळत नाही.

आणि शब्द मोजतानाच पहिली चूक होते. लोक फक्त स्पष्ट शब्द मोजतात. कुत्र्याला दरवेळी "भूभू" म्हणत असेल, पाण्याला "पापा" म्हणत असेल तर तोही शब्दच. घरात दोन भाषा असतील तर दोन्हीकडचे शब्द मिळून मोजायचे. असं मोजून दोन वर्षांला साधारण 50 शब्द आणि "बाबा गेला", "पाणी दे" अशी दोन शब्दांची जोडी येत नसेल तर मूल मागे आहे असं धरतात. मागे आहे म्हणजे लगेच काही आजार आहे असं नाही, पण बघायला हवं.

दुसरी चूक जास्त महागात पडते, ती म्हणजे घरच्या घरी कानाची टेस्ट. मागे जाऊन टाळी वाजवली, ताट आपटलं, मूल वळलं, झालं, कान उत्तम! अहो पण टाळी मोठा आवाज असते, शिवाय मुलाला सावली दिसते, हालचाल जाणवते. बोलणं ऐकायला लागतात ते बारीक आवाज, स, श, फ, त वगैरे. काही मुलांना जाडे आवाज नीट ऐकू येतात आणि नेमके हेच हरवतात, त्यामुळे दार वाजलं की धावणारं मूल शब्द मात्र अर्धवटच ऐकत असतं.

समजा एक मुलगा आहे, दोन वर्षं पूर्ण, दहा-बारा शब्द. गाणं लागलं की नाचतो, जन्मल्यावरची कानाची टेस्ट पास. आई म्हणते सगळं कळतं त्याला, "बूट आण" म्हटलं की आणतो. पण नीट बघितलं तर ती बोलताना बुटाकडे बघते, हात करते, आणि बाहेर जायची वेळ पण तीच असते, म्हणजे मुलाला शब्दाची गरजच पडत नाही. म्हणून हात मागे घेऊन, नजर न वळवता, भलत्याच वेळी "बॉल कुठंय?" विचारून बघायचं. हा मुलगा नुसता तोंडाकडे बघत राहिला. सर्दी त्याला सारखी व्हायची, टीव्हीजवळ जाऊन बसायचा, काही दिवस हाक ऐकायचा आणि काही दिवस अजिबात नाही, ज्याला घरचे हट्टीपणा म्हणत होते.

अशा वेळी कानाच्या पडद्यामागे पाणी साठलेलं असू शकतं. दुखत नाही, ताप नाही, म्हणून लक्षातच येत नाही, आणि ऐकणं कमी-जास्त होत राहतं. जन्मावेळची टेस्ट पास होती याचा इथे काही उपयोग नाही कारण हे नंतर होतं. टिंपॅनोमेट्री नावाच्या टेस्टमध्ये ते कळतं, काही मिनिटांचं काम, पण ऐकायला किती येतं हे त्यातून कळत नाही, त्यासाठी ऑडिओलॉजिस्ट आवाजाकडे मूल वळतं का ते खेळातून बघतात. मूल सहकार्य करतच नसेल तर झोपेत बेरा नावाची टेस्ट करतात, तिच्यात आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते मोजतात. पाणी बऱ्याचदा तीनेक महिन्यांत आपोआप जातं, म्हणून आधी थांबून परत तपासतात, राहिलंच तर पडद्यात बारीक नळी बसवायचा विचार होतो.

तिसरी चूक म्हणजे कान नॉर्मल आले की विषय संपला समजणं. मूल बोट दाखवून "ते बघ" करतं का, हाकेला वळतं का, बाहुलीला खोटं खोटं भरवतं का हे बघा. हे सगळं होत असेल, सांगितलेलं हातवाऱ्यांशिवाय कळत असेल, फक्त शब्द कमी असतील तर ते मूल उशिरा बोलणारं असण्याची शक्यता चांगली. बोट दाखवणंच नसेल तर ऑटिझम आणि एकूण विकासाची तपासणी करून घ्यायची. आणि येत असलेले शब्द गेले असतील तर कुठल्याही वयात थांबायचं नाही, त्याच आठवड्यात मुलांच्या डॉक्टरांकडे जायचं.

जीभ चिकटलेली आहे म्हणून बोलत नाही हे मात्र सोडून द्या, त्याने फार तर काही उच्चार अडतात, शब्दच न येण्याचं ते कारण नसतं. आणि तपासणीची तारीख लांबची मिळाली तरी स्पीच थेरपिस्टकडे जाणं त्यासाठी अडवून ठेवू नका, दोन्ही सोबत चालतं. जाताना आठवडाभर लिहिलेली शब्दांची यादी न्या, भूभू-पापासकट.