एचआरला इमर्जन्सी नंबर बदलायचा मेल

वडील गेले, त्यांचाच नंबर कंपनीत दिलेला होता, तर नुसतं "नवीन नंबर घ्या" लिहू नका, कारण मग बऱ्याचदा नवीन खाली जोडतात आणि पहिला जुनाच राहतो, वेळ आली की फोन बंद सिमवर. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कामगारानं असं लिहावं बघा:

"सर, माझा एम्प्लॉयी कोड अमुक. माझ्या वडिलांचं निधन झालंय. त्यांचा इमर्जन्सी नंबर (शेवटी ४१) रेकॉर्डमधून काढून पत्नीचा नंबर टाकावा. नाव, नंबर खाली दिलाय, ती जुळे सोलापूरला असते, दिवसा फोन उचलते. गेटवरच्या रजिस्टरमध्ये आणि आयडी कार्डच्या मागंही बदलावं. झालं की रिप्लाय द्यावा."

कारण एका ओळीत पुरे, घटस्फोट असेल तर "कौटुंबिक बदल" एवढंच लिहा, जास्त सांगायची गरज नाही. ज्यांचा नंबर देताय त्यांना आधी विचारा हं, अनोळखी नंबर म्हणून कट करतात लोक.

आणि यानं पीएफचा नॉमिनी बदलत नाही, ते युएएनच्या पोर्टलवर ई-नॉमिनेशनमध्ये आपलं आपणच करायचं, ग्रॅच्युइटीचा फॉर्म मात्र एचआरकडंच भरून द्यायचा.