एका रुपयात किती प्रथिनं? किराण्याचा हिशोब नीट कसा मांडावा

हिशोब एका ओळीचा आहे: एका किलोत किती ग्रॅम प्रथिनं, भागिले किलोचा भाव. उत्तर येतं ते रुपयामागे ग्रॅम. तरीही "एक वाटी डाळीत वीस ग्रॅम प्रोटीन" असे सल्ले फिरत राहतात, कारण भागाकाराआधी वजन कशाचं घ्यायचं हेच कोणी सांगत नाही.

आधी भाव लिहून घ्या. मी रविवार कारंजाच्या बाजूला सुटा किराणा घेतो, म्हणून इथे सुटे भाव धरतो: सोयाबीन वडी 140 रुपये किलो, मसूर डाळ 100, तूरडाळ 140, शेंगदाणे 150, अंडं 7 रुपयांना आणि गाईचं दूध 56 रुपये लिटर. तुमच्या दुकानात वेगळे असतील, तर तुमचे घाला. पुडक्यातल्या मालाचा भाव आधी किलोवर आणा. 200 ग्रॅमचं वडीचं पुडकं 50 रुपयांना घेतलंत, तर तो भाव 250 रुपये किलो झाला.

आता खरी मेख. वेष्टनावरचा आकडा कोरड्या मालाचा असतो आणि ताटात येतो तो भिजलेला, शिजलेला माल. कोरड्या वडीत 100 ग्रॅममागे साधारण 52 ग्रॅम प्रथिनं असतात. पण ती भिजली की वजन अडीच-तीन पट होतं, ते सगळं पाण्याचं. म्हणजे भिजवून पिळलेली 100 ग्रॅम वडी ही मुळात 35-40 ग्रॅमच असते आणि तिच्यात प्रथिनं 20 ग्रॅमच्या आसपास. कॉलेज रोडच्या जिममधली पोरं भिजलेली वडी काट्यावर ठेवून 52 लिहितात आणि दुप्पटीहून जास्त फुगवतात.

वरणात फसवणूक आणखी मोठी, कारण पाणी किती घालायचं हे ज्याच्या त्याच्या हातात असतं. वाटीभर वरणात कोरडी डाळ 25-30 ग्रॅम पडली तर तिच्यातून सहा-सात ग्रॅम प्रथिनं मिळतात. हे एका अंड्याइतकं झालं. पातळ वरण असेल तर तेवढंही नाही. म्हणून माझा नियम ठाम आहे: कुकरला लावण्याआधी, कोरड्या डाळीचं वजन करा आणि शिजलेल्याला माणसांच्या संख्येने भागा. वाट्या मोजू नका. चूक झाली का हे ओळखायची खूणही सोपी आहे. शिजलेल्या डाळीच्या 100 ग्रॅमपुढे 20 किंवा जास्त आकडा दिसला की समजा, कोणीतरी कोरडा आकडा ओल्या वजनाला चिकटवला आहे.

अंड्याचं वजन करूच नका, कवच मध्ये येतं. मध्यम अंड्याला 6 ग्रॅम धरा. दुधात लिटरमागे 32 ग्रॅमच्या आसपास. साय काढली तर स्निग्धांश जातो, प्रथिनं फारशी जात नाहीत. पाणी घातलेल्या दुधाचा हिशोब मात्र कुणालाच लागत नाही.

भागाकार करा. सोयाबीन वडी: 520 भागिले 140, म्हणजे रुपयाला 3.7 ग्रॅम. मसूर (किलोत 240) 2.4, शेंगदाणे (250) 1.7, तूरडाळ (220) 1.6, अंडी 0.9, दूध 0.6. पुडक्यातली महाग वडीसुद्धा 2.1 वर येते, म्हणजे मसुरीच्या खाली घसरते. सुटा माल घ्या म्हणतो ते यासाठी.

बहुतेकजण इथे थांबतात, पण शेंगदाण्यांना एवढं वर ठेवणं मला पटत नाही. त्यांच्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असतं, त्यामुळे गुणवत्तेच्या मापावर ती साधारण निम्मीच धरतात. निम्मं केलं की 1.7 चे 0.8 होतात आणि शेंगदाणे अंड्याच्या शेजारी येऊन बसतात. भाकरीबरोबर खाल्ले म्हणून भरपाई होत नाही, कारण बाजरी-ज्वारीतही लायसिनच कमी. डाळीचं तसं नाही. तिच्यात मेथिओनिन कमी आणि लायसिन भरपूर, धान्यात उलटं, त्यामुळे डाळ-भात किंवा डाळ-भाकरी एकमेकांची उणीव भरतात. सोयाबीनची प्रथिनं दूध-अंड्यांच्या बरीच जवळ जातात, तिथे कात्री लावायची गरज नाही. आणि शेंगदाण्यातून 25 ग्रॅम प्रथिनं घेताना 560-570 कॅलरी बरोबर येतात, तेही हिशोबात धरा.

घरच्यासाठी मी रोजचा भार मसुरीवर टाकतो, तूर चवीपुरती, वडी आठवड्यातून दोन-तीनदा. दूध चहा-दह्यासाठी लागतंच, प्रथिनांसाठी म्हणून वाढवत नाही. अंड्यांचा भाव थंडीत चढतो, तेव्हा तेवढा एक भागाकार पुन्हा करून घ्या: 8 रुपयांना अंडं झालं की 0.75.