डांबर किती, खडी किती: ऐरोलीत चुकलेलं माझं गणित

साइटवर लागून जेमतेम चार महिने झाले होते. ऐरोलीतल्या एका सेक्टरचा आतला रस्ता, लांबी १२० मीटर, रुंदी साडेपाच मीटर, जुन्या डांबरावर ४० मिलिमीटर बिटुमिनस काँक्रीटचा (बीसीचा) थर. मे महिना संपत आलेला, पाऊस डोक्यावर. सिनियर साहेबांनी सहज विचारलं, "प्लांटला किती टन सांगू?" मी मोबाइलवर बोटं चालवली आणि दोन मिनिटांत सांगितलं, ६१ टन.

गणित असं होतं. १२० गुणिले ५.५ म्हणजे ६६० चौरस मीटर. त्याला ०.०४ ने गुणलं की २६.४ घनमीटर. मिक्सची घनता कॉलेजच्या वहीत २.३ लिहिलेली होती, म्हणून २६.४ गुणिले २.३, बरोबर ६०.७ टन. गुणाकारात एकही चूक नाही. तरीही संध्याकाळी पाचवी आणि शेवटची गाडी रिकामी झाली, तेव्हा दुसरी पट्टी सोसायटीच्या गेटच्या २८ मीटर अलीकडेच थांबली होती. अर्ध्या रुंदीत नवा काळा रस्ता आणि अर्ध्यात टॅक कोट, म्हणजे नवा थर चिकटावा म्हणून फवारलेलं पातळ डांबर, मारलेला चिकट पट्टा. त्यावरून स्कूटर काढणाऱ्या काकांनी मला काय काय ऐकवलं, ते इथे लिहीत नाही.

नव्याने साइटवर येणाऱ्यांसाठी हे लिहितोय, कारण सूत्र सगळ्यांनाच येतं. सूत्रात टाकायचे दोन आकडे कुठून आणायचे, हे मात्र कोणी नीट सांगत नाही.

पहिला आकडा घनतेचा. आपल्याकडची खडी म्हणजे काळा बेसाल्ट, पारसिकच्या डोंगराचा असतो तोच दगड. हा दगड जड आहे. त्याची सापेक्ष घनता साधारण २.८ ते २.९ च्या घरात येते. पुस्तकातला २.३ हा ढोबळ आकडा हलक्या दगडाच्या मिक्सला कदाचित चालेल, बेसाल्टच्या दाट बीसीला तो कमी पडतो. आमच्या कामाचा जॉब मिक्स फॉर्म्युला, म्हणजे या मालात काय किती घालायचं याचा ठरलेला तक्ता, ऑफिसच्या फाइलमध्ये होता, मी तो उघडलाच नव्हता. त्यात मिक्सची कमाल सैद्धांतिक घनता २.६२ दिलेली होती. मिक्समध्ये हवेची एकही पोकळी उरली नाही तर जी घनता येईल, ती ही. रोलरने दाबलेल्या रस्त्यात पोकळ्या राहतातच. रस्ते मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनप्रमाणे साइटवर त्या घनतेच्या किमान ९२ टक्के मिळायला हवी. आमचं रोलिंग ९३ टक्क्यांपर्यंत जातं असं धरलं तर २.६२ गुणिले ०.९३ म्हणजे २.४४. नंतर रस्त्यातून गोल कापून काढलेले नमुने, म्हणजे कोअर, त्यांची घनताही याच आसपास आली.

फक्त हा एक आकडा बदलला तर ६०.७ चे ६४.४ टन होतात. म्हणजे पावणेचार टन मी वहीवर विश्वास ठेवून आधीच घालवले होते.

दुसरा आकडा जाडीचा, आणि यात मी जास्त फसलो. टेंडरमध्ये ४० मिलिमीटर लिहिलं म्हणजे रस्ता सगळीकडे ४० घेईल असं नाही. जुना रस्ता कुठे बसलेला असतो, गटाराच्या चेंबरपाशी खचलेला असतो. पेव्हर वरचा भाग सरळ करतो, खालचे खड्डे मालाने भरत जातात. दुसऱ्या दिवशी उरलेला तुकडा टाकायच्या आधी मुकादम मामांनी मला दोरी कशी धरायची ते दाखवलं. दोन्ही कडांना ठरलेल्या वरच्या पातळीवर खिळे, मधे ताणलेली दोरी, आणि दर १० मीटरला तीन ठिकाणी दोरीपासून खाली फूटपट्टी: डावी कड, मध्य, उजवी कड. १२० मीटरला अशा १३ रांगा, ३९ रीडिंग, अर्ध्या तासाचं काम. नवीन थर पडलेल्या भागाचं मोजमाप अर्थातच राहून गेलं होतं, तिथली जाडी आम्ही कोअर आणि खपलेल्या मालावरून काढली. सगळी मिळून सरासरी ४३ आली. काही ठिकाणी ३५, चेंबरजवळ ५८.

तीन मिलिमीटर म्हणजे नखाएवढंही नाही, पण ते ६६० चौरस मीटरवर पसरतं. ६६० गुणिले ०.०४३ गुणिले २.४४ म्हणजे ६९.२ टन. मागवले ६१. आठ टनांचा फरक, आणि साडेपाच मीटरच्या निम्म्या पट्टीत तो भरून काढायला लागणारी लांबी बरोबर ती २८ मीटर.

इथे एक इशारा. हे वाढीव तीन मिलिमीटर आपोआप बिलात येत नाहीत. पैसे ४० च्या थराचे मिळतात. जास्तीचा माल प्रोफाइल करेक्शन म्हणून हवा असेल, तर त्याची रीडिंग काम सुरू व्हायच्या आधी घेऊन इंजिनिअरची सही असावी लागते. डांबर पडल्यावर खालचा खड्डा कोणालाच दिसत नाही. ५८ सारखे खोल भाग तर आदल्या दिवशी वेगळे भरून दाबून घ्यावेत. एकाच थरात भरले तर तिथला माल कमी दाबला जातो आणि पहिल्याच पावसाळ्यात तो भाग पुन्हा बसतो.

जाडीबद्दल आणखी एक गोंधळ नवीन पोरं हमखास करतात. पेव्हरचा ऑपरेटर माल सैल असताना पन्नासच्या आसपास टाकतो, कारण रोलरखाली तो चाळीसवर येतो. ते ५० पाहून कोणी ५० ला २.४४ ने गुणलं तर ८० टन येतात. दाबलेली जाडी घ्यायची तर घनताही दाबलेलीच घ्यायची. सैल जाडी फक्त ऑपरेटरने फूटपट्टी मालात खुपसून बघायची, टनांच्या हिशेबात ती नको.

आता ६९.२ टनांत डांबर किती? आमच्या मिक्समध्ये ५.४ टक्के होतं, या बारीक ग्रेडिंगच्या बीसीला स्पेसिफिकेशनमध्ये तेवढं किमान सांगितलेलं आहे. पण ५.४ टक्के कशाचे? संपूर्ण मिक्सच्या वजनाचे, खडीच्या वजनाचे नव्हे. म्हणून डांबर ६९.२ गुणिले ०.०५४, म्हणजे ३.७४ टन, आणि उरलेले साडेपासष्ट टन खडी, डस्ट आणि फिलर. त्याच साडेपासष्ट टनांवर कोणी ५.४ टक्के काढले तर ३.५४ टन येतात. २०० किलोंचा फरक दिसायला किरकोळ, पण तसा माल बनला तर मिक्समध्ये डांबर ५.१ टक्केच राहतं. लॅबमध्ये एक्स्ट्रॅक्शन केल्यावर, म्हणजे मालातलं डांबर वेगळं काढून मोजल्यावर, ते लगेच उघडं पडतं. प्लांटवाले खडीच्या टक्क्यांत बोलत असतील तर हेच प्रमाण ५.७ होतं. चलनावर कोणता टक्का लिहिलाय, हे विचारायला लाजू नका.

साडेपासष्ट टनांची वाटणी आमच्या जॉब मिक्सप्रमाणे अशी: १२ एमएम खडी ३२ टक्के, म्हणजे २१ टन. ६ एमएम २० टक्के, १३ टन. डस्ट ४६ टक्के, सुमारे ३० टन. फिलर २ टक्के, १.३ टन. तुमच्या क्वारीचे टक्के वेगळे असतील, फाइल बघा. क्वारीवाला भाव ब्रासमध्ये सांगतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. सैल खडी घनमीटरला दीड टन धरली तर ब्रासला सव्वाचार टन, म्हणजे १२ एमएमचे २१ टन साधारण पाच ब्रास. इथे मात्र दीडच धरायचे, २.४४ नाही, कारण ढिगात दगडांमधे हवा असते. डस्ट ओली असेल तर वजनात पाणीही मोजलं जातं. ३० टनांत चार टक्के ओल म्हणजे सव्वा टन नुसतं पाणी.

टॅक कोटचं इमल्शन या हिशेबात मिसळू नका. जुन्या डांबरी पृष्ठभागाला चौरस मीटरला २०० ते ३०० ग्रॅम लागतं. पाव किलो धरलं तर ६६० ला १६५ किलो. एका बॅरलच्या आत बसतं.

आता जे त्या दिवशी दुपारीच कळायला हवं होतं ते. पहिली गाडी काट्यावर १२.२ टन होती. माझ्या हिशेबाने चौरस मीटरला ९२ किलो, म्हणजे पावणेतीन मीटरच्या पट्टीत ती ४८ मीटर जायला हवी होती. मामांनी कर्बवर खडूने गाडी संपल्याची खूण केली आणि म्हणाले, "साहेब, बेचाळीसलाच संपली." मी म्हणालो, "पुढची जास्त जाईल मामा." ती पुढे जाणार कशी? प्रत्यक्षात चौरस मीटरला १०५ किलो लागत होतं. तेव्हाच प्लांटला फोन केला असता तर तळोज्याकडून आणखी एक गाडी सहज निघाली असती. शेवटची गाडी संपेपर्यंत प्लांट बंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी नऊ टनांची गाडी आली, भाडं पूर्ण गाडीचं. आदल्या दिवशीची मोकळी कड कटरने सरळ उभी कापली, उभ्या कडेला इमल्शन लावलं आणि मग माल टाकला. तो सांधा अजून नीट आहे, पण त्याची जागा मला डोळे मिटूनही सांगता येईल.

आता मी गाडीच्या चलनामागेच लिहितो: काट्याचं किलोतलं वजन भागिले चौरस मीटरला किलो भागिले पट्टीची रुंदी. जो आकडा येतो तिथे गाडी यायच्या आधीच कर्बवर खडूची रेघ मारतो. गाडी रेघेच्या अलीकडे संपली तर जाडी वाढतेय किंवा काट्यात घोळ आहे. पलीकडे गेली तर थर पातळ पडतोय, आणि ते जास्त वाईट. एकूण टनांवर हाताने सारवायच्या कोपऱ्यांसाठी आणि पेव्हरच्या हॉपरमध्ये उरणाऱ्या मालासाठी दोन टक्के वाढवतो, म्हणजे या रस्त्याला ७१ टन झाले असते. पण प्लांटला सांगताना पाच गाड्या पक्क्या सांगतो. सहावीत किती भरायचं ते चौथी गाडी संपल्यावर, उरलेली लांबी टेपने मोजून, साइटवरून फोन करून कळवतो. शिळफाट्याला ट्रॅफिक असेल तर हा फोन तिसऱ्या गाडीलाच करावा लागतो, नाहीतर सहावी येईपर्यंत पाचवीचा माल थंड होऊन बसतो. आमच्या व्हीजी-३० ग्रेडच्या डांबराच्या मिक्सला टाकताना १४० अंशांच्या खाली चालत नाही.